गोष्ट : दिवसाची लाईट (शेवट पटतो का, सांगा)

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांपासून एक गोष्ट डोक्यात होती, ती एकदाची लिहून काढली. गाव कराडच्या पलीकडे कृष्णाकाठचं, साल 2022, दिवाळीनंतरचे दिवस. दोन गोष्टी विचारायच्या आहेत. शेवट पटतो का? आणि गुऱ्हाळातलं काही चुकलंय का? मी गुऱ्हाळावर रस प्यायला आणि काकवी आणायला गेलोय, काम कधी केलेलं नाही. मोकळेपणाने सांगा.

*

अण्णांच्या चपलांना मुंग्या लागल्या होत्या.

सुरज सकाळी बाहेर आला तेव्हा अंगणातल्या फरशीच्या फटीतनं निघालेली तांबडी रांग उंबऱ्यापर्यंत पोचली होती आणि डाव्या चपलेच्या अंगठ्यात शिरत होती. त्याने चप्पल उचलून आपटली. तळाला काहीतरी चिकट लागलेलं, त्यावर माती आणि उसाचा भुसा. त्याने वास घेतला आणि चप्पल होती तशी ठेवून दिली.

अण्णा कराडला कापडाच्या दुकानात होते. पांढरा शर्ट, गळ्यात मापाची टेप, सकाळी साडेनऊची एसटी. दिवाळी झाल्यापासून मात्र रात्री जेवण झालं की बॅटरी घेऊन निघायचे. "लाईट रातची हाय. ऊस पाजून येतो." वीस गुंठे ऊस होता, नदीवरनं पाइपलाईन होती. त्यात विचारण्यासारखं काही नव्हतं.

विचारण्यासारखं झालं ते शुक्रवारी. बांधाला बांध असलेला पिंट्या शाळेच्या वाटेवर म्हणाला, "ह्या आठवड्यात लाईट दिवसाची हाय. आमचा बा दुपारीच पाजतोय. तुझं अण्णा रातच्याला काय पाजत्यात?"

संध्याकाळी सुरज शेतावर गेला. सरीत पाय घातला तर ढेकूळ कोरडं. मोटरीच्या पेटीला कुलूप, कुलपावर कोळ्याचं जाळं.

त्या रात्री तो अण्णांच्या मागे निघाला. बॅटरीचा उजेड पुढे, तो शंभर पावलं मागे. शेताचं वळण आलं आणि बॅटरी वळली नाही. ओढा ओलांडून सरळ गुऱ्हाळाकडे गेली. मोठ्या काहिलीत रस उकळत होता आणि वाफेत उभे राहून अण्णा लांब दांड्याने ढवळत होते. दुकानात मीटर मोजणारा माणूस. गुऱ्हाळमालक विचारत होता, "फीचं भागलं का रं?" अण्णा म्हणाले, "हे दोन महिने काढतो मालक. पोराला सांगितलंय, शाळा फुकट हाय म्हणून."

शाळा आठवीपर्यंत खरंच फुकट होती. नववीपासून वर्षाला छत्तीस हजार, जून, ऑक्टोबर, जानेवारी अशा तीन हप्त्यांत. ते पत्र जूनमध्ये घरी आलं होतं आणि सुरजने ते पाहिलंच नव्हतं.

तो धावत वाफेत शिरला आणि अण्णांना मिठी मारली. "अण्णा, मला न्हाय जायचं त्या शाळंत." अण्णांच्या हातातला दांडा गळून पडला. दोघेही रडत होते. काहिलीतला रस उकळत होता, गुळासारखा गोड.

*

सायली_प

मुंग्यांची रांग डोळ्यांसमोर उभी राहिली. पुढचं वाचताना घसा दाटला. छान लिहिलंय.

अभ्यासू

कथा आवडली, पण पायाच कच्चा आहे. आरटीईतून प्रवेश मिळाला की फी नसते. शिवाय गरीब मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहेच, निम्मी फी त्यातून सुटली असती. वडिलांनी चौकशी केली असती तर हे काम करावंच लागलं नसतं.

मास्तर_निवृत्त

अभ्यासू, निम्मं बरोबर आहे. आरटीईच्या 25 टक्के जागांवर फी नसते, पण कायदा 6 ते 14 वयासाठी आहे आणि शाळा तो आठवीपर्यंतच धरतात. नववीला तोच मुलगा, तोच बाक, तोच वर्ग, आणि जूनमध्ये पालकाच्या हातात फीचं पत्र. मी असे पालक पाहिलेत. पत्र हातात घेऊन कार्यालयाच्या दारात उभे राहतात आणि आत येत नाहीत. शाहू महाराजांच्या नावाची जी शुल्क शिष्यवृत्ती तुम्ही म्हणता, ती दहावी-बारावीनंतरच्या अभ्यासक्रमांसाठी. नववीच्या पोराला तिचा उपयोग नाही.

आणखी एक, लेखकाने साल बरोबर धरलंय. आपल्याकडे ह्या जागा 2012-13 पासून भरायला लागल्या. त्या वर्षी पहिलीत गेलेली पोरं 2020 मध्ये नववीला आली, म्हणजे कुलूपबंद शाळेत. त्या वर्षी अशी कथा घडलीच नसती. 2014 मध्ये पहिलीत गेलेला मुलगा 2022 ला नववीत येतो. तुम्ही मुद्दाम मोजलंत का?

कोयनाकाठ

हो मास्तर, बोटांवर मोजलं. आधी 2020 च धरलं होतं, मग लक्षात आलं.

वैदेही_के

वाचून फार वाईट वाटलं. त्या मुलाच्या जानेवारीच्या हप्त्याचं काय झालं? शाळेचं नाव आणि खात्याचा तपशील मला खासगीत पाठवाल का? माझ्याकडून थोडं देते, भिशीतल्या मैत्रिणींनाही सांगते.

कोयनाकाठ

वैदेहीताई, ही गोष्ट आहे, सुरज मनातला आहे. पण तुम्ही असं विचारलंत ह्याने खूप बरं वाटलं.

वैदेही_के

अगंबाई. बरं. पण मास्तर म्हणतात तसे पालक खरे आहेत ना? मास्तर, तुमच्या माहितीत कुणी असेल तर मलाच निरोप करा.

मास्तर_निवृत्त

करतो ताई. नक्की करतो.

गुळव्याचा_नातू

आजोबा गुळवे, वडील गुळवे, आमचं स्वतःचं गुऱ्हाळ पाच वर्षांपूर्वी बंद झालं. म्हणून जरा सविस्तर लिहितो, राग मानू नका.

तुमचा बाप काहिलीवर उभा आहे, हे होणार नाही. काहिलीवर गुळव्या असतो आणि गुळव्या होणं म्हणजे दिवाळीनंतर कामाला लागणं नव्हे. रस तापला की त्यात भेंडीचं पाणी सोडायचं, मळी वर येते, ती वेळेत काढायची. मग चुना किती टाकायचा ते उसाच्या जातीवर आणि रानावर ठरतं. फेस उसळला की तेलाचे चार थेंब. आणि शेवटी पाक झाला की नाही ते बघायचं. माझे वडील गार पाण्याच्या ताटलीत पाकाचा थेंब सोडायचे, बोटांत त्याची गोळी वळायचे आणि ती ताटलीवर टाकून आवाज ऐकायचे. आवाज ऐकून "उतरवा" म्हणायचे. ते म्हणायला उशीर झाला तर गूळ काळा पडतो, लवकर म्हटलं तर ढेप बसत नाही, पावसाळ्यात पाणी सुटतं. एक आदण बिघडलं तर दीड-दोन गाड्या ऊस मातीत. कोणता मालक कापडदुकानातल्या माणसाच्या हातात तो दांडा देईल?

शिवाय गुळव्याला पंचक्रोशी ओळखते. त्याचं काम लपून राहात नाही.

तुमच्या अण्णांना मिळेल असं काम एकच, जाळ घालायचं. आमच्याकडे त्याला जळव्या म्हणतात, काही गावांत चुलव्या. चुलवाणाचं तोंड जमिनीच्या खाली असतं, त्या खड्ड्यात बसून वाळलेलं चिपाड मूठमूठ आत सारत राहायचं. अडाण्याचं काम वाटतं, पण नाही. रस तापताना जाळ मोठा, मळी काढताना दबता, पाक जवळ आला की अगदी हाताशी. वरून गुळव्या ओरडतो, "जाळ आवर!" आणि त्या क्षणी आवरावाच लागतो. तरी नवा माणूस आठ-दहा रात्रींत शिकतो. आणि तुमच्या गोष्टीला तो खड्डा फार चांगला, कारण खड्ड्यातला माणूस वाटेवरून दिसत नाही. चार महिने बसला तरी गावाला पत्ता लागायचा नाही.

शिराळकर

नातू, लाख बोललात. आमच्या शिराळ्याकडे पण असंच.

कोयनाकाठ, दिवसाच्या लाईटीचा धागा एक नंबर. पण एक सांगू? आमच्या फिडरला आठवडा पूर्ण दिवसाचा किंवा पूर्ण रात्रीचा नसतो. चार दिवस रात्री, तीन दिवस दिवसा, असं असतं. मग पिंट्या "ह्या आठवड्यात" कसं म्हणेल?

कोयनाकाठ

आमच्या फिडरला तेव्हा आठवड्याने पाळी बदलायची.

शिराळकर

असेल बाबा. फिडरा-फिडराचं वेगळं. पण पिंट्याच्या तोंडी वार घातला तर दोन्हीकडच्या लोकांना पटेल. "सोमवारपास्नं लाईट दिवसाची हाय."

टिक्का

आता गावागावात सौर फिडर येऊ लागलेत, दिवसा थ्री फेज मिळायला लागलीय. अजून दहा वर्षांनी बापांना रात्री बाहेर पडायला नवं कारण शोधावं लागेल :)

फौजी_खटाव

माझं सांगतो. कथेशी सरळ संबंध नाही.

माझे वडील सांगलीत एका पेढीवर दिवाणजी होते. मी मामाकडे शिकायला होतो, महिन्यातनं एकदा घरी जायचो. बारावीला शिकवणी लावली तेव्हा त्यांची नखं पिवळी दिसायला लागली. विचारलं तर म्हणाले, हिशेबाच्या वहीला हळद लागते. मी मानलं. सांगलीत हळद सगळ्यालाच लागते. मग एकदा आंघोळीनंतर त्यांनी टॉवेलने मान पुसली आणि टॉवेल पिवळा झाला. वहीची हळद मानेला लागत नाही. पोतं पाठीवर घेतलं की लागते. रात्री गाड्या भरायला जायचे.

मी दोन वर्षं काही बोललो नाही. भरती झालो, पहिला पगार पाठवला, त्या महिन्यात त्यांनी ते काम सोडलं. त्यांनीही कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आज ते 81 वर्षांचे आहेत.

म्हणून मला तुमचा शेवट पटला नाही. मुलगा वाफेत शिरून मिठी मारणार नाही. त्याचे पाय तिथेच थिजतील. माझे थिजले होते, तेही नुसता टॉवेल बघून.

सायली_प

फौजी, काय लिहू. मानेला लागत नाही, पोतं घेतलं की लागते.

मी_तासगावची

फौजींशी सहमत, पण मला दुसरंच खटकलंय. गोष्टीत आई कुठे आहे? जळव्या रात्रभर चिपाडाच्या धुरात बसणार, अंगावर ठिणग्या उडणार, कपड्यांना भोकं पडणार, काजळी बसणार. ते कपडे धुतं कोण? आईला माहीत नाही असं शक्यच नाही. दोघांनी मिळून लपवलंय. मग सुरजने फक्त बापाचं नाही, आईचंही गुपित शोधलंय. तिला एक वाक्य तरी द्या.

कोयनाकाठ

ताई, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. खरंच आलं नाही. लिहून ठेवतो.

अभ्यासू

मुंग्यांचं पण मग जमत नाही. जळव्या जाळापाशी बसतो, त्याच्या अंगाला काजळी लागेल, गोड काही लागणार नाही. मुंग्या येतील त्या गूळ भरणाऱ्याच्या चपलेला.

गुळव्याचा_नातू

अभ्यासू, तुम्ही म्हणता ते कपड्यांपुरतं खरं. पण गुऱ्हाळाची जमीन पाहिलीय का? घाण्यापासून काहिलीपर्यंत रस सांडतो, मळी काढून टाकतात तिचा ओघळ बाजूने वाहतो, त्यात चिपाडाचा भुसा. कुणाच्याही चपला चिकट होतातच. आजोबा घरात शिरायच्या आधी चपला राखेवर घासायचे. मुंग्या राहू द्या.

अभ्यासू

माझ्या मते तरी मुंग्या एवढ्या येणार नाहीत. असो.

टिक्का

मला मूळ प्रश्नच वेगळा वाटतो. छत्तीस हजारांची शाळा कशाला? गावात नाहीतर कराडात अनुदानित मराठी शाळा आहे की. साताऱ्याच्या मातीत हा प्रश्न पडावा? कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये कराडजवळच्या काल्यात रयतची सुरुवात केली, 1924 ला साताऱ्यात वसतिगृह काढलं, ते अशाच पोरांसाठी. पोरं स्वतः राबून शिकली, लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडून त्यांना जेवू घातलं. बापाने चुलवाणात बसण्यापेक्षा पोराला शाळा बदलायला लावायची.

मास्तर_निवृत्त

मी रयतचाच विद्यार्थी, त्यामुळे हे ऐकायला गोड वाटतं. पण आठ वर्षं इंग्रजी माध्यमात शिकलेला मुलगा नववीत मराठी शाळेत आणायचा, म्हणजे विज्ञान, गणित, इतिहास सगळ्याच्या संज्ञा नव्याने. दोन वर्षांवर दहावी. बापाला ते कळतं. तो हौसेने तिथे ठेवत नाहीये, अडकलाय.

टिक्का

सेमी इंग्रजी असतं आता रयतच्या शाळांत. गणित, विज्ञान इंग्रजीतच. तेवढं अवघड नाही.

मास्तर_निवृत्त

हो, तेही खरं. माझ्या हाताखाली असा एक मुलगा आला होता, सहा महिन्यांत रुळला. आणि एक रुळला नाही, शाळाच सुटली त्याची. त्यामुळे मी बापाला दोष देणार नाही, तुम्हालाही चूक म्हणणार नाही.

सायली_प

सुरजला विचारलं तर तो म्हणेल मी शाळा बदलतो. म्हणूनच तर त्याला सांगितलं नाही.

हिशेबी_वाई

उशिरा आलो. सगळं वाचलं. मला एक आकडा सुटत नाही. फी तीन हप्त्यांत, जून, ऑक्टोबर, जानेवारी. बारा-बारा हजार. गुऱ्हाळ सुरू होतं दिवाळीनंतर. मग जून आणि ऑक्टोबरचे चोवीस हजार अण्णांनी आणले कुठून? दुकानातला पगार आठेक हजार धरला तर त्यातून शक्य नाही.

गुळव्याचा_नातू

हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. उत्तर सोपं आहे. उचल.

गुऱ्हाळमालक पावसाळ्यातच माणसं बांधून ठेवतो. जूनमध्ये हंगामाची उचल देतो, हंगामात ती कामातून वळती होते. अण्णांनी जूनमध्ये चोवीस हजार उचलले असतील. निम्मे लगेच शाळेत भरले, निम्मे ऑक्टोबरला.

आता हिशेब बघा. जळव्याला रात्रीचे चारशे धरा. चोवीस हजाराच्या साठ रात्री झाल्या. आठवड्याला एक सुट्टी, म्हणजे दहा आठवडे. नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारी सुरू केलं तर संक्रांतीच्या सुमाराला उचल फिटते. तुमचा सुरज डिसेंबरच्या दहा तारखेच्या सुमाराला त्याला बघतो. तेव्हा तीसेक रात्री झाल्यात, जूनचा हप्ता तेवढा फिटलाय. ऑक्टोबरचा सगळा अंगावर आहे. म्हणजे त्या रात्री तो माणूस चुलवाणासमोर बसलाय आणि सकाळी त्याच्या हातात एक रुपया पडणार नाही.

म्हणूनच सुरज "मला शाळा नको" म्हणाला तरी उपयोग नाही. पैसे शाळेत जाऊन बसलेत. शाळा सोडली तरी अण्णांना साठ रात्री बसावंच लागेल. मध्येच सोडलं तर मालक दारात येतो, आणि मग गावाला कळतं. मालक वाईट आहे असं नाही हो, त्यानेही कुणाकडून तरी उचललेले असतात.

अजून एक. चिपाड ओलं असलं तर धूर होतो आणि जाळ धरत नाही. डिसेंबरात अवकाळी पाऊस झाला किंवा दव जास्त पडलं तर त्या रात्री गुऱ्हाळ बंद. बंद रात्र उचलीत धरत नाहीत. साठ रात्री लांबतात.

हिशेबी_वाई

आता सुटलं. आणि सुटल्यावर जास्त बोचलं.

फौजी_खटाव

उचल हा शब्द मी वीस वर्षांनी ऐकला.

कोयनाकाठ

मंडळी, तीन दिवस धागा परत परत वाचला. मालकाचा "फीचं भागलं का" हा संवाद काढला, तो वाचकाला सांगण्यासाठीच होता. मिठी काढली. अण्णांना खड्ड्यात बसवलं. सुरजला उचलीचं कसं कळतं ह्यावर अडलो होतो, मग ठरवलं की त्याला कळायचंच नाही, नुसतं दिसेल तेवढंच दिसेल. उचल आधीच येते, जूनमधल्या एका ओळीत, आई कपाटातल्या डब्यात चिठ्ठी ठेवते तिथे. नवा शेवट असा.

*

चिपाडाच्या गंजीआड तो थांबला. वर काहिलीवर दोन माणसं वाफेत हलत होती, त्यांत अण्णा नव्हते. त्याला वाटलं, चुकलो. तेवढ्यात जमिनीतनं उजेड आला. खाली खड्ड्यात कुणीतरी चिपाडाची मूठ आत सारली, जाळ भडकला आणि अण्णांचं तोंड दिसलं. हातांना कोपरापर्यंत ओलं गोणपाट गुंडाळलेलं. मूठ आत गेली की तोंड दिसायचं, जाळ बसला की जायचं.

"जाळ आवर!" वरनं कुणीतरी ओरडलं.

अण्णांचा हात थांबला. उजेड उतरत गेला आणि ते दिसेनासे झाले. सुरज अंधारात बराच वेळ त्या जागेकडे बघत राहिला, पुन्हा मूठ आत जायची वाट बघत. मग परत फिरला.

पहाटे कडी वाजली तेव्हा तो जागाच होता. न्हाणीघरात पाणी पडल्याचा आवाज आला. आई कुणालाही न उठवता काळे कपडे वेगळ्या बादलीत भिजवत होती, रोज भिजवत असणार. आवाज थांबल्यावर तो उठला, अण्णांच्या चपला घेतल्या आणि अंगणातल्या दगडावर तळ घासून काढले. काथ्याने, राखेने, अंगठ्याच्या आतली मळी काडीने. मग होत्या तशा जोडून ठेवल्या.

नऊ वाजता अण्णा पांढरा शर्ट घालून बाहेर आले. चपलेत पाय घातला आणि काढला.

"वल्ल्या कशानं झाल्या?"

"मुंग्या लागल्या व्हत्या."

अण्णांनी आईकडे बघितलं. आई चुलीपाशी भाकरी उलटत होती, तिने मान वर केली नाही.

"रातीला पाणी पाजताना चिखुल लय व्हता," अण्णा म्हणाले.

"लाईट सोमवारपास्नं दिवसाची हाय, अण्णा."

अण्णा उभे राहिले. टेप गळ्यात नीट केली, पुन्हा काढली, पुन्हा घातली. एसटीचा हॉर्न वळणावर वाजला.

"दप्तर घे," ते म्हणाले. "संगंच जाऊ."

*

मी_तासगावची

भाकरी उलटते आणि वर बघत नाही. आई मिळाली.

शिराळकर

"सोमवारपास्नं" घेतलंत. धन्यवाद :)

अभ्यासू

आधीच्यापेक्षा पुष्कळ चांगलं. पण सुरज इतका कोरडा का? थोडं रडायला हवं होतं असं मला वाटतं. पहिल्या शेवटात निदान दोघं बोलले तरी.

सायली_प

चपलेचा तळ घासतोय तो काडीने. अजून किती बोलायचं?

अभ्यासू

प्रत्येकाचं मत.

गुळव्याचा_नातू

गोणपाटाचं कुणी सांगितलं तुम्हाला? मी तर लिहिलं नव्हतं. आमचा जळव्या बांधायचा, बादलीत बुडवून. अर्ध्या तासात वाळायचं, मग परत बुडवायचं. एक दुरुस्ती: "जाळ आवर" नंतर उजेड एकदम जात नाही, विस्तव बराच वेळ लालभडक असतो. तोंड दिसेनासं होईल, पण हात दिसत राहतील.

कोयनाकाठ

मग हात ठेवतो. "तोंड गेलं, हात तेवढे राहिले." बदलतो.

फौजी_खटाव

काल रात्री वडिलांना वाचून दाखवली. चष्मा लावून ऐकत होते, मध्ये एकदाही बोलले नाहीत. हळदीचा विषय मी काढला नाही, त्यांनीही नाही. शेवट संपल्यावर थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "फिटली का रे त्याची उचल?"

काय सांगू त्यांना?

कोयनाकाठ

सांगा, संक्रांतीला फिटली. दोन रात्री पाऊस पडला म्हणून दोन दिवस उशिरा.

फौजी_खटाव

सांगितलं. म्हणाले, "मग जानेवारीचा हप्ता?"